विरहाची कैफियत कोणापुढे?

कोल्हापूरच्या शाहूपुरीतील आमच्या घराच्या कौलांवर सकाळच्या प्रहरी कावळा येऊन बसला आणि ओरडू लागला की शेजारच्या आजी हातातले सूप खाली ठेवून, मान वर करून त्याच्याशी बोलू लागत. त्यांचा मुलगा फौजेत. वर्षा-दीड वर्षाने रजेवर यायचा. आजी कावळ्याला म्हणत, "माझं लेकरू येनार असंल तर उडून जा रं बाबा." 1891 मध्ये मिरजेहून रेल्वे आली आणि पुढे शाहू महाराजांच्या कारकीर्दीत स्टेशनाच्या अंगाला ही पेठ वसली. गुळाच्या अडतींप्रमाणेच येणाऱ्याजाणाऱ्यांची वाट पाहणे हाही तिचा पिढीजात व्यवसाय होऊन बसलेला असल्यामुळे आजींच्या त्या वाक्याचे कोणाला नवल वाटत नसे. मला मात्र पुढे कवितेचा अभ्यास करू लागल्यावर त्याचे फार नवल वाटू लागले. मुलगा हजर नाही, म्हणून त्याच्याशी बोलता येत नाही, हे समजण्यासारखे आहे. परंतु मग बोलणे थांबण्याऐवजी ते कावळ्याकडे का वळावे, आणि कावळ्याकडेच का वळावे? विरहकवितेतील संबोधनाचा सारा प्रश्न या एका वाक्यात साठवलेला आहे, आणि मराठीने त्याची जी निरनिराळी उत्तरे दिली त्यांचा धावता आढावा घेण्याचा येथे विचार आहे.

प्रथम नावाचा घोळ निस्तरला पाहिजे. निर्जीव वस्तूला सजीवाचे गुण बहाल करण्यास आपल्या शालेय अलंकारविवेचनात चेतनगुणोक्ती म्हणतात; परंतु 'चंद्र हसला' असे म्हणणे वेगळे आणि 'चंद्रा, हसू नकोस' असे म्हणणे वेगळे. पहिल्यात कवी चंद्राविषयी आपल्याशी बोलतो; दुसऱ्यात तो आपल्याकडे पाठ करून चंद्राशी बोलू लागतो आणि आपण भिंतीआडून ऐकणारे होतो. नाट्यशास्त्रात याच्या जवळची एक संज्ञा आहे, ती आकाशभाषिताची: रंगभूमीवर नसलेल्या पात्राशी नट बोलतो, 'काय म्हणालास?' असे विचारतो आणि त्याचे न ऐकू आलेले उत्तर स्वतःच उच्चारून दाखवितो. भाण नावाचा एकपात्री रूपकप्रकार तर सर्वस्वी याच युक्तीवर उभा आहे. युरोपात या वळण्याला ग्रीकांनी जे नाव दिले त्याचा धात्वर्थच 'पाठ फिरविणे' असा आहे, आणि रोमन वक्तृत्वशास्त्रज्ञ क्विंटिलियन त्याचे विवेचन करताना न्यायालयच डोळ्यांसमोर ठेवतो: वकिलाने न्यायाधीशाला उद्देशून चाललेले भाषण मध्येच तोडून प्रतिपक्षाकडे किंवा हजर नसलेल्या कोणाकडे वळणे, ते हे. हा अलंकार कचेरीत वाढला ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कारण विरहकवितेत तो जेव्हा यशस्वी होतो तेव्हा त्याची रीत एखाद्या नीट लिहिलेल्या अर्जासारखीच असते, असे मला दिसून आले आहे.

अर्जाची पहिली अट अशी की तो ज्याच्याकडे करावयाचा त्याला तो मंजूर करण्याचा अधिकार असला पाहिजे. हालाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत, म्हणजे महाराष्ट्री प्राकृतातील आपल्या सर्वांत जुन्या काव्यसंग्रहात, या अटीचे दोन उत्कृष्ट दाखले आहेत. स. आ. जोगळेकरांच्या 1956 च्या आवृत्तीमुळे तो संग्रह मराठी वाचकांच्या हाताशी आला आहे. एका गाथेत विरहिणी चंद्राला आकाशाचा मुकुटमणी, रजनीच्या मुखावरचा टिळा अशा बिरुदांनी हाक मारते आणि मागणे एवढेच करते की, ज्या करांनी तू माझ्या प्रियकराला स्पर्श केलास त्याच करांनी मलाही शिव. दुसऱ्या गाथेत प्रियकर उद्या प्रवासाला निघणार असल्याचे कानावर आलेली स्त्री भगवती रात्रीलाच विनविते की, तू अशी वाढ की उद्या उजाडूच नये. दोन्ही ठिकाणी कवीने पत्ता किती विचाराने घातला आहे पाहा. प्रियकर जेथे कोठे असेल तेथे चंद्र त्याच्यावर आहे आणि इकडे हिच्यावरही आहे. दोघांना एकाच वेळी स्पर्श करू शकणारा तेवढा एकच आहे. आणि उद्याचा दिवस अडवून धरण्याची सत्ता जर कोणाची असेल तर ती रात्रीची. रात्रीकडे स्पर्श मागितला असता किंवा चंद्राकडे मुदतवाढ मागितली असती, तर दोन्ही अर्ज भलत्या खात्यात गेले असते.

कोणी म्हणेल की चंद्र काही ऐकत नाही आणि रात्र काही लांबत नाही, तेव्हा अधिकाराची ही भाषा पोकळ आहे. हा आक्षेप जुना आहे. भामहाने काव्यालंकारात तो स्वच्छ शब्दांत नोंदविला: मेघ, वारा, चंद्र, भ्रमर, चक्रवाक, पोपट यांना वाचा नाही किंवा तिला अर्थ नाही, मग दूर देशी जाऊन हे दौत्य कसे करणार? ही योजना त्याने अयुक्तिक ठरविली. मात्र उत्कंठेने उन्मत्त झालेला मनुष्य तसे बोलत असेल तर बोलू द्यावे, एवढी सवलत ठेवली. कालिदासाने मेघदूताच्या आरंभीच हा आक्षेप स्वतः मांडून निकालात काढला आहे: धूम, ज्योती, जल आणि वायू यांचा तो गोळा कोठे आणि समर्थ इंद्रियांच्या प्राण्यांनी पोहोचवावयाचे निरोप कोठे; परंतु कामार्त माणसाला चेतन-अचेतनाचा विवेक राहत नाही. येथपर्यंत उन्मादाची सबब सर्वांना ठाऊक असते. ज्याकडे सहसा लक्ष जात नाही ते हे, की या सबबीखाली यक्ष जे बोलतो त्यात उन्मादाचा मागमूसही नाही. तो कुटजाच्या ताज्या फुलांचे अर्घ्य देऊन मेघाचे स्वागत करतो, म्हणजे नजराणा आधी ठेवतो. त्याच्या कुळाचा नामनिर्देश करतो. त्याचे इंद्राच्या दरबारातील स्थान सांगतो. थोराकडे केलेली याचना विफल झाली तरी नीचाकडून सफल होण्यापेक्षा बरी, असे म्हणून अगोदरच त्याला थोरपणात बांधून टाकतो. मग रामगिरीपासून अलकेपर्यंतचा मार्ग मुक्कामवार सांगतो. आणि अखेरीस, तुझा विजेशी क्षणभरही वियोग न होवो, असा आशीर्वाद देतो. वेडा मनुष्य असा बोलत नाही. असा मुरब्बी अर्जदार बोलतो. उत्कंठेने त्याचा विवेक गेला असेल, पण पद्धत गेलेली नाही, आणि वाचकाला जी करुणा वाटते ती नेमकी या पद्धतशीरपणामुळेच वाटते.

ही पद्धत संस्कृतातून उचलून न घेता आपल्या अंगणातून उभी करणारी कविता म्हणजे ज्ञानदेवांच्या विरहिण्यांतील ती काऊची विरहिणी. लता मंगेशकरांच्या आवाजामुळे ती घरोघर पोहोचली. परंतु चालीच्या गोडव्यात तिच्यातील संबोधनांची रचना कानाआड होते, म्हणून ती थोडी उलगडून पाहू. आरंभीचे बोलणे कावळ्याशी नाहीच. तेथे 'गे' हे संबोधन येते, 'माये' येते. म्हणजे विरहिणी जवळच्या कोणा बाईला सांगते आहे की पलीकडे तो कावळा ओरडतो आहे, शकुन सांगतो आहे. कावळा तृतीयपुरुषात आहे, दूर आहे, बातमीचा विषय आहे. पुढच्याच चरणात 'रे' येतो आणि ती सखीकडे पाठ फिरवून थेट कावळ्याशी बोलू लागते. क्विंटिलियनला जे वळणे न्यायालयात दिसले ते येथे 'गे'पासून 'रे'पर्यंतच्या एका अक्षराच्या अंतरात घडते. मग आमिषांची मालिका सुरू होते: उडून जाशील तर पाय सोन्याने मढवीन, दहीभाताची उंडी तोंडाला लावीन, दुधाने भरलेली वाटी ओठाशी धरीन, आणि आंब्याच्या डहाळीवरची रसाळ फळे. सोन्यापासून सुरुवात झाली खरी, परंतु कावळ्याला सोने घेऊन काय करावयाचे? म्हणून पुढची तिन्ही आमिषे खाण्याची आहेत, आणि त्यांतील दहीभात तर कावळ्याला घालावयाचा प्रत्येक घरातला घास आहे. अर्ज करणाऱ्याने अधिकाऱ्याची आवडनिवड चौकशी करून घ्यावी, तशी विरहिणी हळूहळू कावळ्याच्या जगात शिरते आहे.

त्याचबरोबर तिचे मागणेही बदलत जाते, आणि या बदलाकडे टीकाकारांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही असे मला वाटते. प्रथम ती विचारते की पंढरीचा राव घरी केव्हा येईल. नंतर, माझ्या जिवाला जो आवडतो त्याची गोडी सांग, म्हणते. त्यानंतर, खरे सांग, तो येईल का, असे विचारते. 'केव्हा'पासून 'येईल का'पर्यंत आलेली ही वाट विश्वासाकडून शंकेकडे जाणारी आहे. आमिषे वाढतात तशी खात्री कमी होते. शेवटी 'ज्ञानदेव म्हणे' येते. तेथे कविता तिसऱ्यांदा वळते, कावळा पुन्हा तृतीयपुरुषात जातो, आणि खूण पटली, भेट होणार, असे आश्वासन मिळते. हे आश्वासन कावळ्याने दिलेले नाही. अभंगभर त्याच्या तोंडी एक शब्दही नाही. सखीशी, पक्ष्याशी आणि अखेर स्वतःशी, अशा तीन वळणांत प्रश्नच उत्तर होऊन बसला आहे. आकाशभाषितातला नट न ऐकू आलेले उत्तर उच्चारून दाखवितो. ज्ञानदेवांनी ते उच्चारायचेही टाळले.

प्रत्येक संबोधन अर्जच असते असे मात्र नाही. मुऱ्हा-मावळापासून करवीरापर्यंत पहाटे जात्यावर बसलेल्या स्त्रियांनी जात्यालाच देव मानून हाक मारली आणि माहेराची ओढ, दूर दिलेली लेक, न आलेला भाऊ, हे सारे त्याला सांगितले. हेमा राईरकर आणि गी पॉतवँ यांनी महाराष्ट्रभरातून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, तेव्हा या बोलण्याचा विस्तार किती आहे ते समजले. जात्याला भावाला बोलावून आणण्याचा अधिकार नाही, आणि दळणारीलाही ते ठाऊक आहे. तिला त्याच्याकडून काही करवून घ्यावयाचे नाही; त्याने ऐकावे एवढेच हवे आहे, कारण घरात दुसरे कोणी ऐकणारे नाही आणि ऐकले तर ते तिच्यावरच उलटेल. जाते येथे मामलेदार नसून साक्षीदार आहे. म्हणून मी संबोधनाचे दोन वर्ग करतो, अधिकाऱ्यापुढचे आणि साक्षीदारापुढचे. साक्षीदाराची पात्रता वेगळी असते: तो प्रसंगी हजर असावा लागतो. जाते हजर आहे, त्याचा खुंटा तिच्या मुठीत आहे, त्याची घरघर तिच्या आवाजाला आडोसा देते. या तीन गोष्टींपलीकडे त्याच्याकडे काही नाही आणि दुसऱ्या कशाची गरजही नाही.

अर्ज नामंजूर झाला म्हणजे काय होते, याचे मराठीतील सर्वांत पूर्ण उदाहरण सावरकरांची 'सागरास' ही कविता होय. 1909 मध्ये इंग्लंडातील ब्रायटनच्या किनाऱ्यावर ती सुचली. त्या वेळी सोबत असलेल्या निरंजन पाल यांनी तो प्रसंग पुढे लिहून ठेवला आहे. जवळ माणूस बसलेला असताना कवी समुद्राकडे वळला, ही नोंद आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. समुद्रच का, हे कवितेने स्वतःच सांगितले आहे. मातृभूमीचे पाय धुताना कवीने ज्याला नित्य पाहिले तोच हा. त्यानेच परदेश पाहण्यास चल म्हटले. वियोगाच्या शंकेने आईचे हृदय कातर झाले तेव्हा, मार्ग माझ्या परिचयाचा आहे, याला मी लौकर परत आणीन, अशी हमी यानेच दिली. म्हणजे समुद्र हा नुसता दोन किनाऱ्यांमधला तटस्थ मध्यस्थ नाही, तो जामीन आहे. आणि जामिनाने शब्द मोडला की अर्जाची फिर्याद होते. कवितेचा स्वर म्हणूनच एका पायरीवर थांबत नाही. विनंती होते, मग आठवण करून दिली जाते, मग पिंजऱ्यातल्या पोपटाच्या आणि पाशातल्या हरणाच्या दाखल्यांनी आपली हालत मांडली जाते, मग विद्येचा भार व्यर्थ झाल्याचा हिशेब येतो. त्यानंतर शपथ येते, आणि तीही साधी नाही: सरितांच्या पतीला त्याच्या प्रिय सरितेच्या विरहाची शपथ घातली जाते. यक्षाने मेघाला विजेशी वियोग न होण्याचा आशीर्वाद दिला; येथे तेच कौटुंबिक तारण उलट बाजूने, धाक म्हणून, पुढे केले आहे. ज्याच्याकडे मागावयाचे त्यालाही कोणी प्रिय असते, हे ध्यानात आणून देण्याची ही युक्ती दोन्ही ठिकाणी एकच आहे.

तरीही समुद्र फेसाळून हसतोच. तेव्हा कवी कारणमीमांसा करतो: जी आंग्लभूमी तुझ्यावर स्वामित्व मिरविते तिला भिऊन तू माझ्या आईला फसवतोस काय? आणि शेवटी धमकी येते की ती अबला नाही, ज्या अगस्तीने तुला एका आचमनात पिऊन टाकले त्याच्याकडे ती हे गाऱ्हाणे नेईल. कनिष्ठ अधिकाऱ्याने दाद दिली नाही म्हणजे वरिष्ठाकडे अपील करावे, तसे हे अपील आहे, आणि ते पुराणातून काढलेल्या निर्णायक पूर्वाधारावर उभे आहे. ज्ञानदेवांच्या विरहिणीत संबोधित पक्ष्याचे मौन हळूहळू आश्वासनात विरून गेले. सावरकरांच्या कवितेत संबोधिताचे मौन नकार म्हणून वाचले गेले. मौन तेच, वाचन वेगळे. विरहकवितेचा शेवट कोणत्या बाजूला झुकणार हे बहुधा या वाचनावर ठरते.

आता कोल्हापूरकडे परत येऊ. ज्या फारसी परंपरेने आपल्याला अर्ज, दाद, कैफियत हे शब्द दिले तिनेच गझलेच्या वाटेने संबोधनाचा एक नवा पेच मराठीत आणला, आणि तो येथेच सोडविण्याचा प्रयत्न झाला. माधव त्र्यंबक पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, 1928 पासून राजाराम कॉलेजात फारसीचे प्राध्यापक होते; 1925 मध्ये त्यांचा फारसी-मराठी कोश निघाला होता, आणि 1933 मध्ये 'गज्जलांजली' आली. फारसी गझलेत बोलणे बहुधा कोणाला तरी उद्देशून असते: साकीला, पहाटवाऱ्याला, विरक्त उपदेशकाला, निष्ठुर प्रियाला, आणि शेवटच्या शेरात कवी स्वतःचेच टोपणनाव घेऊन स्वतःला हाक मारतो. तेथे एक मोठी सोय आहे. फारसीत व्याकरणलिंग नाही; 'तो' आणि 'ती' यांना एकच सर्वनाम. त्यामुळे ज्याला हाक मारली तो पुरुष, स्त्री, राजा की ईश्वर, हे शेवटपर्यंत मोकळे ठेवता येते, आणि विरहाचा अर्धा गूढपणा या मोकळेपणात असतो.

मराठीत ही सोय मिळत नाही. आपल्याकडे संबोधन ही आठवी विभक्ती आहे आणि तिच्या पाठोपाठ 'रे' किंवा 'गे' हटकून येऊन उभा राहतो. 'सखया' म्हटले की पुरुष ठरला, 'सखे' म्हटले की स्त्री ठरली. हाकेतून निसटावे तर क्रियापद पकडते: 'आलास' आणि 'आलीस', 'येतोस' आणि 'येतेस'. बोलणाऱ्याचेही लिंग 'पाहतो' आणि 'पाहते' यांत उघडे पडते. फारसीचा प्राध्यापक आणि 'छंदोरचना'सारखा ग्रंथ लिहिणारा छांदस एकाच देहात असल्यामुळे, लघुगुरूंचे साचे मराठीत आणण्याचा प्रश्न पटवर्धनांनी शास्त्रशुद्ध सोडविला. परंतु लिंगाचा हा पेच वृत्ताने सुटणारा नव्हता. मराठी गझल बहुतांशी उघडपणे पुरुषाने स्त्रीला उद्देशून केलेली प्रेमकविता झाली, याचे एक कारण कवींच्या वृत्तीत असेल, पण दुसरे निःसंशय व्याकरणात आहे.

सुटकेच्या दोन वाटा मात्र भाषेनेच ठेवल्या आहेत, आणि जाणता कवी त्या हेरतो. आज्ञार्थाला लिंग नाही: 'ये', 'सांग', 'थांब' हे स्त्रीपुरुष दोघांनाही सारखेच म्हणता येते. द्वितीयपुरुषी भविष्यालाही नाही: 'येशील', 'विसरशील'. भूत आणि वर्तमान टाळून केवळ विनवणी आणि भविष्य यांवर कविता उभी केली तर संबोधित व्यक्ती अनिश्चित ठेवता येते. यात योगायोगाने विरहाचे सत्यही सापडते. जो हजर नाही त्याच्याशी बोलताना आपल्यापाशी खरोखर दोनच काळ शिल्लक असतात: त्याने यावे, आणि तो येईल का. भूतकाळात शिरलो की तो निश्चित माणूस होतो; भविष्यात राहिलो की तो कोणीही असू शकतो.

संबोधन फसते कोठे, हे सांगितल्याविना आढावा पुरा होणार नाही. 'हे प्रीती', 'हे स्मृती', 'हे नियती' अशा भावनामांना घातलेल्या हाका मासिकांतून पुष्कळ वाचल्या. त्या बहुतेक निष्प्राण वाटतात, त्याचे कारण भावनाम अमूर्त असते हे नव्हे. रात्रही काही हातात धरता येत नाही. कारण असे की या प्रीतीला कवितेत कोणतेही खाते नेमून दिलेले नसते. तिने काय करावे, काय करू नये, ती कोणाची कोण, याचा पत्ता नसतो. ती अधिकारी नसते आणि साक्षीदारही नसते, तिला केवळ मानाचे आसन दिलेले असते. परीक्षा सोपी आहे. हाक काढून तेच वाक्य तृतीयपुरुषात लिहून पाहावे. 'चंद्राने मला त्याच करांनी शिवावे' असे लिहिले की गाथेतील प्राण जातो, कारण मागणे मागणाऱ्याच्या तोंडचे उरत नाही. पण 'हे प्रीती, तू किती निष्ठुर आहेस' याचे 'प्रीती किती निष्ठुर आहे' केले तर आपण काहीच गमावत नाही. म्हणजे हाक आरंभापासूनच शोभेची होती. प्र. के. अत्र्यांनी 1925 च्या 'झेंडूची फुले'मध्ये चहाच्या पेल्यात पडलेल्या माशीला गंभीरपणे उद्देशून जी कविता लिहिली, तिने ही शोभाच नेमकी हेरली होती. कशालाही हाक मारता येते असे एकदा ठरले की माशीलाही मारता येते.

शेजारच्या आजींच्या मुलाने पुढे त्यांना फोन घेऊन दिला. दर रविवारी तो वाजला की आजी त्याच्याशी बोलत, आणि ते बोलणे आम्हांला भिंतीपलीकडून ऐकू येई: "जेवलास का? थंडी हाय का तिकडं? औषध घेतलंय मी." तो हजर झाला होता, निदान आवाजाने, आणि हजर असलेल्या मुलाशी आई जेवढे बोलते तेवढेच त्या बोलत. ये म्हणून त्यांनी त्याला कधी म्हटलेले मी ऐकले नाही. रजा मिळणे त्याच्या हातात नाही, हे त्यांना माहीत होते. ते वाक्य कावळ्यासाठी राखलेले होते.